"अन्न मामी सततम्": कानात अर्धवट राहिलेला श्लोक शोधायचा कसा

माझ्या मावसभावाने एकदा रात्री साडेदहाला फोन करून विचारलं, "दादा, श्राद्धात मामीचा श्लोक असतो का रे?" मी म्हटलं मामीचा कसला श्लोक. तर म्हणे, मी सात-आठ वर्षांचा होतो, गावाकडच्या घरी आजोबांचं वर्षश्राद्ध होतं, गुरुजी शेवटी शेवटी एक श्लोक म्हणायचे त्यात "अन्न मामी सततम्" असं यायचं. मला वाटायचं की मामी सारखी अन्न वाढतेय म्हणून असेल, आणि खरंच तेव्हा मामीच वाढत होती. आता वडिलांचं श्राद्ध त्यालाच करायचं होतं आणि तो श्लोक त्याला हवा होता, पण गुरुजी जाऊन वीस वर्षं झालेली आणि पोथी कुणी नेली कुणाला माहीत नाही.

तो श्लोक सापडला. कसा सापडला ते सगळं क्रमाने लिहितो, कारण स्तोत्र कुठलंही असलं तरी रस्ता साधारण हाच असतो.

आधी जसं ऐकू आलं तसं लिहून काढा

सर्च करायच्या आधी कागद घ्या. एकदा का गूगलवर दहा श्लोक वाचले की डोक्यातला मूळ आवाज त्यांच्यात मिसळतो आणि मग तुम्हाला खरं काय आठवत होतं ते तुम्हालाच सांगता येत नाही. मावसभावाला मी म्हटलं, अर्थ लावू नकोस, शुद्ध करू नकोस, चालीत म्हण आणि फोनवर रेकॉर्ड करून पाठव. त्याने पाठवलं ते असं:

"…जनीश गणे श्वराणाम्" (इथे आवाज लांबायचा, म्हणजे ओळ संपायची)

"कोंचा मरेंद्र कलशो…" (इथून नवीन ओळ सुरू)

"पा अन्न मामी सततम्… … हेतोहो" (शेवटची ओळ, मधलं आठवत नाही)

पहिली ओळ साफ गेलेली. पण बघा, कुठला तुकडा ओळीच्या सुरुवातीचा आणि कुठला शेवटचा हे त्याला पक्कं माहीत होतं. हे विचारायला बरेच जण विसरतात. शब्द विसरले तरी आवाज कुठे थांबत होता हे माणसाला आठवतं, आणि पुढे छंद लावताना सगळी भिस्त त्याच्यावरच असते.

मराठी कानाने केलेल्या गडबडी ओळखा

"संकष्टी पावावे" आणि "फळीवर वंदना" म्हणत आपण सगळेच मोठे झालोय, त्यामुळे कान काय करतो हे नव्याने सांगायला नको. कान ओळखीचा शब्द शोधतो आणि तिथेच तोडतो. संस्कृतात संधी आणि समास यांच्यामुळे दोन शब्द एकमेकांत घुसलेले असतात, आणि आपण भलत्याच जागी कात्री लावतो. म्हणून लिहिलेल्या तुकड्यातल्या मोकळ्या जागा सरळ काढून टाकायच्या आणि अक्षरांची अखंड माळ म्हणून बघायचं: "कोंचामरेंद्रकलशो". लगेच "अमरेंद्र" दिसतो की नाही? मरेंद्र नावाचं काही नसतं, अमरेंद्र म्हणजे इंद्र.

बाकी तीन-चार गोष्टी ठरलेल्या आहेत. विसर्ग म्हणताना मागच्या स्वराचा पडसाद येतो, म्हणून "हेतोहो" ऐकू आलं तर लिहिलेलं असणार "हेतोः". ऋकार आपल्याकडे "रु" होतो, म्हणजे "पित्रु" ऐकलं तर "पितृ" शोधायचं. सुरुवातीच्या जोडाक्षरातला र लहान मुलांच्या कानातून सहज गळतो, म्हणून "कोंचा" हे "क्रौंचा" असू शकतं. आणि सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार आपण दीर्घच म्हणतो आणि दीर्घच लिहितो, संस्कृतात मात्र तो ऱ्हस्व असू शकतो. मामीचं सगळं प्रकरण या एका वेलांटीत होतं, ते पुढे येईलच.

वेदमंत्र की श्लोक, हे आधी ठरवा

हे चालीवरून कळतं. मंत्रपुष्पांजली आठवा, आवाज मधेच एखाद्या अक्षरावर खाली जातो, मधेच वर चढतो, ओळी लहानमोठ्या. तसं असेल तर तो वैदिक मंत्र, आणि तिथे खाली सांगतोय तो छंदाचा उपाय फारसा चालत नाही, सुरुवातीचे दोन शब्द आठवले तरच पुढे जाता येतं. उलट चारही ओळी एकाच चालीत, सारख्या लांबीच्या, थांबे ठरलेल्या जागी असं असेल तर तो श्लोक. मावसभावाचा श्लोकच होता, रेकॉर्डिंगमधे स्पष्ट कळत होतं.

एक इशारा. चाल ही श्लोकाची नसते, वृत्ताची असते. मनाच्या श्लोकांच्या चालीत "सदा सर्वदा योग तुझा घडावा" पण बसतं कारण दोन्ही भुजंगप्रयात. म्हणजे चाल जुळली म्हणून श्लोक सापडला असं होत नाही, फक्त वृत्त सापडतं.

आता बोटं मोडा: लघु आणि गुरु

शाळेत हे डोक्यावरून गेलेलं असतं पण काम खरं सोपं आहे. ऱ्हस्व स्वराचं अक्षर लघु. दीर्घ स्वर, ए, ऐ, ओ, औ, अनुस्वार, विसर्ग असलं की गुरु. ऱ्हस्व असलं तरी पुढे जोडाक्षर असेल तर तेही गुरु, कारण जीभ तिथे अडखळते. ओळीचं शेवटचं अक्षर गुरूच धरायचं. बास. मी लघुला ल आणि गुरूला गा लिहितो.

पहिला तुकडा घेतला, ओळीच्या शेवटचा: ज नी श ग णे श्व रा णाम्. झालं ल गा ल ल गा ल गा गा. आठ अक्षरं. इथे बरेच जण उडी मारतात की आठ अक्षरं म्हणजे अनुष्टुभ, रामरक्षेसारखा साधा श्लोक. पण अनुष्टुभात पाचवं अक्षर लघु आणि सहावं गुरु लागतं, इथे पाचवं "णे" गुरु आणि सहावं "श्व" लघु. म्हणजे बरोबर उलटं. अनुष्टुभ बाद, आणि हा तुकडा एका मोठ्या ओळीचं शेपूट आहे हे नक्की.

दुसरा तुकडा, ओळीच्या सुरुवातीचा: क्रौं चा म रें द्र क ल शो. गा गा ल गा ल ल ल गा.

तिसरा, तोही सुरुवातीचा: पा अन् न मा मी स त तम्. गा गा ल गा गा ल ल गा.

आता दुसरा आणि तिसरा एकाखाली एक ठेवा. दोन्ही एकाच श्लोकाच्या ओळी, दोन्ही सुरुवातीपासून, म्हणजे नमुना एकच पाहिजे, आणि आठातली सात अक्षरं जुळतातही. अडतं फक्त पाचवं, म्हणजे मामीतली मी. तिथे लघु हवा. मी ऱ्हस्व केली की "अन्न मामि", आणि जागा काढून टाकल्या की "न्नमामि", म्हणजे नमामि! मामी तिथे कधी नव्हतीच, गुरुजी नमस्कार करत होते. "पा" आणि "अन्न" मिळून "पादान्नमामि", पादान् नमामि, पायांना नमस्कार करतो. मधला द पोराच्या कानातून निसटला होता. (हे फोनवर सांगितलं तेव्हा पठ्ठ्या दोन मिनिटं हसत होता, मग म्हणाला मामीला सांगू नकोस.)

वृत्ताचा खरा उपयोग हा आहे. नाव सापडणं ही पुढची गोष्ट, आधी तुमच्या आठवणीतली चूक नेमकी कुठल्या अक्षरात आहे ते वृत्त दाखवतं.

मग नाव. सुरुवात गा गा ल गा ल ल ल गा आणि शेवट ल गा ल ल गा ल गा गा. सुरुवातीच्या तुकड्याची शेवटची दोन अक्षरं "ल गा" आणि शेवटच्या तुकड्याची पहिली दोन "ल गा", ती एकमेकांवर ठेवली की पूर्ण ओळ तयार होते, चौदा अक्षरांची:

गा गा ल गा ल ल ल गा ल ल गा ल गा गा

ही वसंततिलका, त भ ज ज ग ग. नाव आठवत नसेल तर दुसरी युक्ती, ओळखीचे नमुने चालीत म्हणून बघा. अकरा अक्षरांसाठी "कैलासराणा शिवचंद्रमौळी" (इंद्रवज्रा), बारासाठी मनाचे श्लोक, एकोणीससाठी लग्नातलं "स्वस्ति श्रीगणनायकं" (शार्दूलविक्रीडित), आणि वसंततिलकेसाठी "प्रातः स्मरामि गणनाथमनाथबन्धुम्". आठवणीतला तुकडा यातल्या ज्याच्या चालीत न ओढता बसेल ते वृत्त. ओढून सगळंच सगळ्यात बसतं, तेवढं सांभाळा.

विधी कुठला यापेक्षा हात काय करत होते ते विचारा

"श्राद्धातला श्लोक" एवढ्यावर काही होत नाही. श्राद्धात वेगवेगळ्या ठिकाणचं बरंच काही येतं. "देवताभ्यः पितृभ्यश्च महायोगिभ्य एव च" हा श्लोक आहे, जेवणाच्या वेळी "मधु वाता ऋतायते" ही ऋग्वेदातली ऋचा आहे, आणि अगदी शेवटी "यस्य स्मृत्या च नामोक्त्या" येतो जो मुळात श्राद्धाचा नाहीच, सत्यनारायणापासून वास्तुशांतीपर्यंत कुठल्याही कर्माच्या शेवटी म्हणतात. म्हणजे तुम्ही जिथे ऐकला तिथलाच तो असेल असंही नाही.

म्हणून असं विचारायचं: तेव्हा पाणी सोडत होते का, अक्षता होत्या की तीळ, जानवं डाव्या खांद्यावर होतं की उजव्या (उजव्यावर असेल तर अपसव्य, म्हणजे पितरांसाठीचं काही चाललंय), बसलेले होते की उभे, सगळ्यांना आत बोलावलं होतं का. मावसभाऊ म्हणाला, शेवटी, सगळ्या पोरांना बोलावून नमस्कार करायला लावायचे तेव्हा. झालं, "नमामि" नमस्काराच्या क्षणात चपखल बसलं. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आलं की मग विश्वास ठेवायला हरकत नाही.

आता शेवटच्या ओळीतली रिकामी जागा बघा. पादान्नमामि सततं ही आठ अक्षरं, शेवटची दोन "हेतोः". मधे चार उरतात: ल ल गा ल. श्राद्ध आहे, म्हणजे "पितृ" असायची दाट शक्यता, आणि पि तृ म्हणजे ल ल, बरोब्बर बसतं. पुढचं गा ल अजून माहीत नाही, पण "पितृ—हेतोः", पितरांच्या कशासाठी तरी, एवढं हातात आलं. शब्दकोडंच आहे हो हे.

आधी स्वतः खाल्लेले धक्के

माझ्याकडे यायच्या आधी त्याने आठवडाभर शोधलं होतं. "कलश" दिसला म्हणून "कलशस्य मुखे विष्णुः" उघडला, "अन्न" म्हणून "अन्नपूर्णे सदापूर्णे" वाचलं, "गणेश्वर" म्हणून गणपतीची स्तोत्रं पालथी घातली. पहिली दोन अनुष्टुभ आहेत, बोटं मोडली असती तर दहा सेकंदात बाद झाली असती. गणपतीच्या स्तोत्रांत वसंततिलका भरपूर सापडते, तिथे मात्र वृत्त मदत करत नाही, तिथे विधीच सांगतो की हे नव्हे. वृत्त काय नाही ते ठामपणे सांगतं, काय आहे ते अर्धवटच सांगतं.

सर्च करताना

इथे लोक हताश होतात, कारण समास. सर्च इंजिन साधारण पूर्ण शब्द जुळवतं. तुम्ही "गणेश्वराणाम्" टाकता, पण छापलेल्या श्लोकात तो वीस अक्षरांच्या एका लांब शब्दाचा शेवट असेल तर तो सापडत नाही, श्लोक नेटवर असूनसुद्धा. त्यामुळे समासाबाहेरचे सुटे शब्द निवडायचे. आम्ही असं टाकलं:

```
"नमामि सततं" हेतोः श्राद्ध
"नमामि सततं" पितृ हेतोः
```

"नमामि सततं" एकटंच टाकलं तर ढिगाने स्तोत्रं येतात, फार वापरातले शब्द आहेत ते. सोबत विधीचा शब्द पाहिजेच. आणि विसर्ग टाइप करताना कीबोर्डवरचा कोलन टाकू नका, `हेतो:` आणि `हेतोः` दिसायला सारखे पण कॉम्प्युटरला वेगळे. कधी कधी नेटवर टाकणाऱ्यानेच कोलन टाकलेला असतो, म्हणून दोन्ही करून बघा. तसंच `क्रौंच` आणि `क्रौञ्च`, `वंदे` आणि `वन्दे`. रोमन लिपीतल्या संग्रहांसाठी `pitṛ` आणि `pitRRi` अशी रूपं लागतात.

यानेही नाही मिळालं तर सर्च इंजिन सोडा आणि थेट पुस्तक उघडा. sanskritdocuments.org वर स्तोत्रं टाइप केलेली आहेत, archive.org वर जुन्या पोथ्या स्कॅन केलेल्या आहेत. ऋग्वेदी घर असेल तर ब्रह्मकर्मसमुच्चय किंवा श्राद्धप्रयोग, यजुर्वेदी असेल तर त्यांचा वेगळा प्रयोग, म्हणून घराची शाखा आधी विचारून घ्या नाहीतर चुकीच्या पोथीत रात्र जाईल. archive.org वर `Full Text` नावाची लिंक असते, ती उघडून Ctrl+F करायचं. Ctrl+F शब्दाच्या मधलं पण पकडतं, म्हणून समासाची अडचण इथे नाही. फक्त मशीनने वाचलेल्या मजकुरात जोडाक्षरांची वाट लागलेली असते, त्यामुळे "क्रौञ्चा" शोधत बसू नका, `सततं` किंवा `कलशो` असं बिनजोडाक्षरी काहीतरी टाका.

अजून एक अडचण, प्रयोगाच्या पोथीत पुष्कळदा पूर्ण श्लोक छापतच नाहीत, पहिले एक-दोन शब्द देऊन पुढे शून्य टाकतात, कारण गुरुजींना पाठ असतो. तुम्हाला मधलं आठवतंय आणि पोथीत फक्त सुरुवात आहे, मग कसं सापडणार. अशा वेळी विधीतला तो क्षण पोथीत शोधायचा (नमस्कार, प्रार्थना वगैरे), तिथली सुरुवातीची अक्षरं घ्यायची, ती आपल्या वृत्तात बसतात का बघायचं, आणि मग ती सुरुवात घेऊन पुन्हा सर्च. आमचं शेवटी असंच झालं. "ईशानविष्णु" एवढंच होतं. ई शा न वि ष्णु, गा गा ल गा ल. पाचही जुळली.

सापडल्यावर तपासा

ईशानविष्णुकमलासनकार्तिकेय-
वह्नित्रयार्करजनीशगणेश्वराणाम् ।
क्रौञ्चामरेन्द्रकलशोद्भवकश्यपानां
पादान्नमामि सततं पितृमुक्तिहेतोः ॥

चारही ओळी मोजा, नुसती आठवणीतली नको. चारही वसंततिलका आहेत. "…जनीश गणे श्वराणाम्" हे "रजनीशगणेश्वराणाम्", रजनीश म्हणजे चंद्र. "कलशो" म्हणजे कलशोद्भव, कलशातून जन्मलेले अगस्त्य ऋषी, म्हणजे कलशपूजेचा काही संबंध नव्हता. रिकाम्या जागेतलं "गा ल" होतं "मुक्ति".

अर्थ लावताना एक शंका येते की ही कसली यादी, शंकर, विष्णू, ब्रह्मदेव, कार्तिकेय, तीन अग्नी, सूर्य, चंद्र, गणपती, क्रौंच, इंद्र, अगस्त्य, कश्यप, आणि "पाय" कशासाठी? ही गयेची यादी आहे. गयेला विष्णुपद मंदिराच्या आवारात विष्णुपद, रुद्रपद, ब्रह्मपद, क्रौंचपद, अगस्त्यपद अशी पदं आहेत जिथे पिंड देतात (आत्ताचं मंदिर अहिल्याबाई होळकरांनी 1787 मधे बांधून घेतलेलं). गावातल्या घरात बसून श्राद्ध करताना गयेतल्या त्या सगळ्या पदांना एका श्लोकात नमस्कार करून घ्यायचा, म्हणून तो शेवटी, आणि म्हणून पोरांना बोलावून नमस्कार करायला लावायचे. विधी, अर्थ आणि वृत्त तिन्ही एका जागी आले, आता शंका नाही.

राहिला पाठभेद. कुणी "कश्यपानां" म्हणतं, कुणी "काश्यपानां". कश् पण गुरु आणि का पण गुरु, त्यामुळे इथे वृत्त निकाल देत नाही. मावसभावाला तो तुकडाच आठवत नव्हता. त्याला म्हटलं मामीला फोन कर, तिने तीस वर्षं स्वयंपाकघराच्या दारातून ऐकलंय. तिने पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत अख्खा म्हणून दाखवला, "काश्यपानां" असा, आणि वर विचारलं की एवढ्यासाठी आठवडाभर कशाला थांबलास.